वाक्य कुणाचं? एका फलकाचा माग

आमच्या गावातली एक पतसंस्था गेल्या वर्षी नव्या जागेत गेली. जुन्या कार्यालयात काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक फलक होता. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, तो आपल्या कामातला अडथळा नसून आपल्या कामाचा हेतूच तो आहे, असा त्यावरचा मजकूर. खाली उजव्या कोपऱ्यात 'महात्मा गांधी'. हा फलक तुम्हीही पाहिला असेल. बँकेत, टपाल कार्यालयात, वीजबिल भरणा केंद्रात, कापडाच्या दुकानात तो वर्षानुवर्षं टांगलेला असतो.

नव्या भिंतीवर तो पुन्हा रंगवायचा होता. संस्थेचा वार्षिक अहवाल मी तपासून देते, म्हणून व्यवस्थापकांनी मजकूर माझ्याकडे पाठवला. "ताई, शुद्धलेखन तेवढं बघून द्या," एवढीच त्यांची मागणी होती. ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि पेन्सिल खालच्या नावापाशी थांबली. मी विचारलं, "हे गांधीजी कुठे म्हणाले?" ते म्हणाले, "म्हणजे काय? सगळीकडे असंच लिहिलेलं असतं." मी म्हटलं, "सगळे सांगतात म्हणून तुम्ही एखादी रक्कम वहीत धराल का?" ते हसले. म्हणाले, "नाही, व्हाउचर लागेल." मग आम्ही या नावाचं व्हाउचर शोधायला बसलो.

पहिली तपासणी: साल आणि गाव

अवतरणाचा माग काढताना सुरुवात साल आणि गावापासून करावी. नुसतं नाव असेल तर धरायला काही सापडत नाही. तारीख आणि ठिकाण असेल तर ती गोष्ट तपासता येते. या वाक्याच्या बऱ्याच प्रतींखाली काहीच नसतं, पण काही ठिकाणी सविस्तर नोंद मिळते: गांधीजींनी हे १८९० साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या एका भाषणात सांगितलं. इतकी नेमकी माहिती दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. खरं तर अशी नेमकी माहिती हीच सर्वांत सहज तपासता येणारी बाजू असते.

गांधीजींच्या चरित्रातल्या तारखा पक्क्या आहेत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने लंडनला बॅरिस्टर व्हायला निघाले. जून १८९१ मध्ये सनद मिळाल्याबरोबर ते परतीच्या प्रवासाला लागले. दक्षिण आफ्रिकेला जायला ते एप्रिल १८९३ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे महिन्यात दरबानला उतरले. म्हणजे १८९० साली ते लंडनमध्ये शिकत होते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला त्यांचा पाय अजून लागलाच नव्हता. त्या काळातल्या आपल्या बुजरेपणाबद्दल त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या सभेत स्वतः लिहून आणलेलं भाषणही त्यांना वाचवलं नाही, ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. मुंबईला परतल्यावर पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. अशा विद्यार्थ्याने १८९० मध्ये जोहान्सबर्गच्या व्यापाऱ्यांना ग्राहकसेवेचे धडे दिले असणं शक्य नाही.

इथे एक चूक हमखास होते. साल खोटं ठरलं म्हणजे वाक्यही खोटं ठरलं, असं आपण धरून चालतो. साल कुणीतरी नंतर चिकटवलेलं असू शकतं आणि वाक्य दुसऱ्या कुठल्या भाषणातलं असू शकतं. आमच्या हाती एवढंच आलं होतं की १८९० आणि जोहान्सबर्ग हे व्हाउचर बनावट आहे. खरं व्हाउचर दुसरीकडे आहे का, ते अजून पाहायचं होतं.

दुसरी तपासणी: मूळ लेखन

गांधीजींच्या बाबतीत ही तपासणी करता येते, कारण त्यांचं लेखन, भाषणं, पत्रं, मुलाखती यांचा समग्र संग्रह भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने इंग्रजीत शंभर खंडांत काढला आहे. पहिला खंड १९५८ चा. मजकूर तारखेच्या क्रमाने लावलेला आहे आणि सूचीसाठी स्वतंत्र खंड आहेत. आता हे सगळं संगणकावर उघडून शब्द शोधता येतो.

शोधतानाही एक अडचण असते. आपल्यापुढे असतो मराठी फलक. तो बहुधा हिंदीवरून आलेला असतो आणि हिंदी इंग्रजीवरून. गांधीजी बोलले असतील तर गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत, आणि समग्र संग्रहात गुजराती लेखनाचं इंग्रजी भाषांतर आहे. म्हणजे मूळ आणि फलक यांच्यामध्ये भाषांतराचे दोन-तीन पडदे आहेत. पूर्ण वाक्य जसंच्या तसं टाकून शोधलं तर काही हाती लागत नाही, आणि ते न मिळणं हा पुरावाही होत नाही. म्हणून वाक्यातला वेगळा, कमी वापरातला शब्द धरायचा: ग्राहक, पाहुणा, अवलंबून, अडथळा. एकेक शब्द किंवा शब्दांच्या जोड्या घेऊन शोध घ्यायचा आणि जिथे त्या येतात तिथे मागचा-पुढचा मजकूर वाचायचा. शब्द भाषांतरात बदलतात, पण विचाराचा सांगाडा बहुतेक टिकतो. ग्राहक हा कामातला अडथळा नसून कामाचा हेतू आहे, ही मांडणी कुठल्याही भाषेत गेली तरी ओळखू येते.

ती मांडणी या संग्रहात सापडत नाही. गांधीजींनी व्यापारातल्या सचोटीबद्दल लिहिलं आहे, खादी विकणाऱ्यांना सूचना केल्या आहेत, पण फलकावरची ही ओळीमागून ओळ जुळवलेली रचना तिथे नाही. शंभर खंडांतही त्यांचा प्रत्येक शब्द मावलेला नाही, हे खरं. पण एखादं वाक्य इतकं गाजलेलं असेल आणि इतक्या काटेकोर संग्रहात त्याचा मागमूसही नसेल, तर ते त्यांचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी नाव लिहिणाऱ्यावर येते.

तिसरी तपासणी: सर्वांत जुनी छापील नोंद

आता प्रश्न उलटा करायचा. गांधीजी हे म्हणाले का, हे सोडून हे वाक्य कागदावर पहिल्यांदा कुठे दिसतं ते पाहायचं. जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या संग्रहांत दशकामागून दशक मागे जायचं. नव्वदच्या दशकातली नोंद मिळाली की त्याआधी मिळते का पाहायचं, मग त्याआधी. जिथे माग संपतो तिथे वाक्य जन्मलं असेलच असं नाही, पण त्याच्या जवळपास आपण पोचलेलो असतो.

या वाक्याचा माग सप्टेंबर १९४१ मध्ये जातो. 'प्रिंटर्स इंक' नावाच्या अमेरिकन जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकात स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांचं म्हणणं छापून आलं आहे. एलियट सांगतात, ग्राहक म्हणजे नेमकं काय हे सांगणं अवघड आहे, पण तो काय नाही हे सांगता येतं. मग ते एकेक मुद्दा मांडतात: ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, तो कामात अडथळा नाही, तो आपल्या धंद्याला परका नाही. पुढे एक मुद्दा असा की ग्राहक म्हणजे निव्वळ आकडा नाही, तो हाडामांसाचा माणूस आहे, त्याला आवडीनिवडी आहेत, पूर्वग्रह आहेत. हे ते आपलं स्वतःचं मत म्हणून सांगतात.

हे वाचल्यावर फलकावरच्या मजकुराची घडण उलगडते. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'तो अमुक नाही, तो तमुक आहे' असं का आहे? कारण मूळ कल्पनाच 'ग्राहक काय नाही' याची यादी करण्याची होती. विक्री विभागातल्या माणसांपुढे बोलणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्याची ही शैली आहे. गांधीजींचं गद्य वेगळं आहे. ते बहुधा एखादा अनुभव सांगतात, त्यातून विचार काढतात आणि मग स्वतःलाच जाब विचारतात. शैलीवरून कर्ता ठरवता येत नाही, पण कागदाचा पुरावा आणि शैली एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर आपला निष्कर्ष भक्कम होतो.

एलियटनंतर हा मजकूर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अंतर्गत पत्रिकांत आणि भिंतींवर फिरू लागला. मेन राज्यातल्या एल. एल. बीन या दुकानाने तो ग्राहकसेवेचा फलक म्हणून लावला, त्यामुळे काही जण तो त्या दुकानाच्या संस्थापकाचाच मानतात. म्हणजे नाव सरकण्याची क्रिया भारतात येण्याआधीच सुरू झाली होती. भारतात तो आला तेव्हा खाली कुणाचं नाव लिहायचं? एलियट इथे कुणालाच माहीत नव्हते. सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर मात्र आधीपासून एक तसबीर होती. बोधवाक्य आणि तसबीर शेजारी शेजारी राहिली आणि वाक्य तसबिरीच्या नावावर गेलं. असं कुठल्या एका ठिकाणी घडलं हे दाखवता येत नाही, पण ही ओढ मोठ्या नावांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसते. थोर माणूस जितका सर्वांना माहीत, तितकी निनावी वाक्यं त्याच्या खात्यात जमा होतात.

अर्धं खरं नाव

व्यवस्थापकांना हे पटलं. त्यांनी लगेच दुसरं वाक्य पुढे केलं: "मग ते, जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः व्हा, हेही गांधीजींचं नाही का?" हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण इथे उत्तर 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं आहे.

आज शुभेच्छापत्रांवर छापलेलं ते आटोपशीर वाक्य त्या शब्दांत गांधीजींच्या लेखनात नाही. पण त्याच्या जवळचा विचार आहे. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये ते आरोग्यावर गुजरातीत लेखमाला लिहीत होते. सर्पदंशावरच्या प्रकरणात ते साप आणि माणूस यांच्या वैराबद्दल लिहितात आणि तिथून पुढे जातात. आपण आपला स्वभाव बदलला तर जगाची आपल्याकडे बघण्याची वृत्तीही बदलेल, इतर काय करतात याची वाट बघायची गरज नाही, असा त्यांचा सांगण्याचा रोख आहे.

आजच्या घोषणेच्या जवळ जाणारे शब्द छापील स्वरूपात १९७४ मध्ये सापडतात, आर्लीन लॉरन्स या अमेरिकन शिक्षिकेच्या लेखनात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागातल्या एका शाळेत त्यांनी केलेल्या प्रयोगाबद्दल त्यांनी लिहिलं होतं. इतरांना बदलत बसण्यापेक्षा आपल्याला हवा तो बदल आपण स्वतः व्हावा, हे त्यांच्या तत्त्वांपैकी एक होतं.

म्हणून या वाक्याखाली नुसतं 'महात्मा गांधी' लिहिणं चूक आहे, आणि 'हे गांधीजींचं नाहीच' असं ठणकावणंही चूक आहे. विचाराचं एक टोक त्यांच्याकडे जातं, शब्द त्यांचे नाहीत. शिवाय दोन्हींत अर्थाचा फरक आहे. गांधीजी म्हणतात की आपण बदललो की समोरच्याचं आपल्याशी वागणंही बदलतं; तिथे माणूस आणि जग यांच्यातली देवाणघेवाण आहे. घोषणेत फक्त आज्ञा उरली आहे. शब्द आटोपशीर करताना विचाराचा अर्धा भाग गळून पडला.

अवतरणचिन्हांची जबाबदारी

काही वेळा चूक करणाऱ्याचा हेतू अगदी प्रामाणिक असतो. तुमचं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन, हे वाक्य अठराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअर यांचं म्हणून जगभर सांगितलं जातं. ते इव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेच्या १९०६ मधल्या पुस्तकातलं आहे. हे पुस्तक त्यांनी टॅलेंटायर या टोपणनावाने लिहिलं होतं. एल्व्हेशियस या लेखकाच्या पुस्तकावर बंदी आली, ते जाळलं गेलं, तेव्हा व्हॉल्टेअरची वृत्ती काय होती हे सांगताना त्यांनी ती एका वाक्यात मांडली आणि ते वाक्य अवतरणचिन्हांत घातलं. वाचणाऱ्यांनी ते व्हॉल्टेअरचेच शब्द समजून उचललं. पुढे १९३९ मध्ये हॉल यांनी स्वतः खुलासा केला की हे शब्द आपले आहेत. तोवर ते जगभर गेलं होतं आणि आजही व्हॉल्टेअरच्याच नावावर आहे.

दोन छोटी चिन्हं इतका घोळ घालू शकतात. कुणाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगताना अवतरणचिन्हं देऊ नयेत, हा नियम इतका साधा आहे. भाषण ऐकून घरी येऊन आठवणीने टिपून ठेवलेल्या वाक्यालाही हाच नियम लावावा.

मराठीला ही काळजी नवी नाही. 'प्रक्षिप्त' आणि 'पाठभेद' हे शब्द आपल्याकडे संतवाङ्मयाच्या अभ्यासात रोजच्या वापरातले आहेत. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते, म्हणजे कर्त्याची सही वाक्यातच गुंफलेली असते. तरीही दुसऱ्यांनी रचलेले अभंग मोठ्या संतांच्या मुद्रेखाली शिरले, आणि गाथेच्या संपादकांना जुनी हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहावी लागली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यापुढे यात कुणी आपली ओवी घातली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. घातलेली ओवी चांगली आहे की वाईट हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. ताट कुणाचं आहे, एवढाच प्रश्न आहे.

खाली काय लिहावं

या सगळ्यातून आम्ही कामापुरते चार प्रकार ठरवले. लेखक, पुस्तक किंवा भाषण, आणि साल तिन्ही हाती असतील तर नाव निःसंकोच लिहावं, आणि जमल्यास साल सोबत द्यावं. विचार त्या माणसाचा पण शब्द दुसऱ्याचे असतील तर 'आशय: अमुक' असं लिहावं, चिन्हं देऊ नयेत. नाव सर्वत्र दिसतं पण मूळ सापडत नाही, अशा वेळी 'अमुक यांच्या नावे प्रचलित' असं लिहावं. त्यात खोटं काही नाही आणि वाचणाऱ्यालाही इशारा मिळतो. आणि वाक्य त्या माणसाचं नाही हे कळलं असेल तर नाव काढून टाकावं. खरा कर्ता माहीत नसेल तर तिथे 'अज्ञात' लिहावं किंवा जागा मोकळी ठेवावी. चौथ्या प्रकारात 'प्रचलित' हा शब्द वापरणं म्हणजे पळवाट आहे, कारण त्यातून चुकीचं नाव पुढच्या फलकावर जातच राहतं.

आपला निष्कर्षही किती मोजून मांडावा लागतो, हे याच उदाहरणातून कळतं. 'हे वाक्य केनेथ एलियट यांनीच पहिल्यांदा म्हटलं' असं आम्ही म्हणू शकत नव्हतो. उद्या १९३० चं एखादं मासिक सापडलं तर तो दावा पडेल. 'सर्वांत जुनी सापडलेली छापील नोंद १९४१' हे वाक्य मात्र तेव्हाही खोटं ठरणार नाही, फक्त त्यातलं साल सुधारावं लागेल. मराठीत आपण त्याला 'आजवर मिळालेला जुना आढळ' म्हणू शकतो.

व्यवस्थापकांची शेवटची शंका अशी होती की गांधीजींचं नाव काढलं तर फलकाचं वजन कमी होईल. संचालक मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं की सभासद आपल्यावर अवलंबून नाहीत हे वाक्य आपल्याला मान्य आहे की नाही? मान्य असेल तर ते संस्थेच्या नावाने लावा. तसंच ठरलं. मजकूर तोच राहिला, खाली नाव नाही. अगदी तळाला बारीक अक्षरात 'जुना छापील आढळ: अमेरिका, १९४१' एवढं रंगवलं. गांधीजींची तसबीर नव्या कार्यालयातही आहे, फक्त आता ती समोरच्या भिंतीवर आहे.

नव्या जागेत काम सुरू झालं त्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक ठेवीची पावती घ्यायला आले. फलक वाचून त्यांनी काउंटरवर विचारलं, "गांधीजींचं नाव का पुसलंत?" व्यवस्थापक उठून बाहेर आले. त्यांनी आधी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मग १८९० आणि १८९३ ही दोन सालं सांगितली. सरांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "म्हणजे १८९० मध्ये ते आफ्रिकेत नव्हतेच?" मग ते फलकाकडे वळले आणि तळाची बारीक ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले.